नवी तारीख कुठून काढायची?

नागपूर मेट्रोची एक मार्गिका हिंगणा रोडवर लोकमान्य नगरला येऊन संपते. तिथून पुढे हिंगणा एमआयडीसीचे प्लॉट दिसू लागतात. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना याच पट्ट्यात आहे. मोठ्या कारखान्यांच्या आसपास जे असतं ते इथेही आहे: चार-सहा मशीन, आठ-दहा माणसं आणि दारात उभा छोटा टेम्पो असलेली लहान मशीनिंग शॉप. अशा शॉपमधून मोठ्या कंपनीच्या पर्चेस विभागाला जाणारा एक निरोप जवळजवळ ठरलेला असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, बहुधा संध्याकाळी, आणि बहुधा माल पोचायच्या आदल्या दिवशी:

“सर, मटेरियल थोडं लेट होऊन राहिलं. फर्नेसवाल्याकडे प्रॉब्लेम झाला. दोन-तीन दिवस समजून घ्या न.”

हा निरोप पाठवणारा माणूस लबाड नसतो. फर्नेसवाल्याकडे खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. पण निरोप वाचून पर्चेसवाल्याला करता येण्यासारखं काहीच उरत नाही. उद्या किती नग येतील? बाकीचे कोणत्या तारखेला? ‘दोन-तीन दिवस’ उद्यापासून मोजायचे की फर्नेस सुरू झाल्यापासून? यातलं काही कळत नाही, म्हणून तो “ओके, लवकर करा” एवढंच लिहितो आणि आपल्या प्लॅनिंगवाल्याला काय सांगायचं या विचारात पडतो.

अशा निरोपाचा नीट, प्रामाणिक मेल करायचा तर बहुतेक जण भाषेपासून सुरुवात करतात. ‘आदरणीय महोदय’ घालतात, दिलगिरी वाढवतात, खाली कंपनीचा शिक्का जोडतात. मजकूर गोड होतो, माहिती तेवढीच राहते. मेलचं खरं काम कागदावर आकडे मांडण्यापासून सुरू होतं, कारण नवी तारीख मागून मिळत नाही, ती काढावी लागते. ती कशी काढतात, हे एका उदाहरणात पाहू. उदाहरणातली शॉप आणि आकडे मांडणीसाठी घेतलेले आहेत. कॅलेंडर मात्र 2025 चं खरं आहे.

उरलेलं काम कुठे अडतं?

एका शॉपकडे ट्रॅक्टरच्या लिंकेजमध्ये बसणाऱ्या 600 पिनांची ऑर्डर आहे. माल द्यायची तारीख मंगळवार, 26 ऑगस्ट. आज सोमवार, 18 ऑगस्ट, सकाळ.

पिनेचा प्रवास असा: बार कापायचा, सीएनसीवर टर्निंग करायचं, आडवं भोक पाडायचं, मग केस हार्डनिंगसाठी बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पाठवायचं. तिथे कार्बन असलेल्या वातावरणात, नऊशेच्या वर तापमानात, काही तास ठेवून पिनेचं वरचं कवच कडक केलं जातं आणि आतला गाभा चिवट राहतो. या तापवण्या-थंडावण्यात पिन किंचित वाकते, फुगते. म्हणून परत आल्यावर ती सिलिंड्रिकल ग्राइंडरवर घासून नेमक्या मापात आणावी लागते. शेवटी तपासणी, तेल आणि पॅकिंग.

आजची स्थिती अशी आहे. सगळ्या 600 पिनांचं टर्निंग आणि ड्रिलिंग झालेलं आहे. 350 पिना हीट ट्रीटमेंट होऊन मागच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच परत आल्या. 250 अजून फर्नेसवाल्याकडे आहेत. त्याचा पंखा जळाला आहे. “गुरुवारी लावतो, पोळ्यानंतर सोमवारी, 25 ला माल घेऊन जा,” असं तो म्हणतो.

मालकाच्या मनात चित्र स्वच्छ आहे: फर्नेसमुळे उशीर होणार. म्हणून 25 तारखेला, माल हातात आल्यावर, ‘दोन-तीन दिवस’ मागायचे असा त्याचा बेत आहे. इथे सुपरवायझरने एक साधा प्रश्न विचारला की चित्र बदलतं. ग्राइंडर दिवसाला किती पिना काढतो?

एका पिनेला सात मिनिटं लागतात. आठ तासांच्या पाळीतून चहा, जेवण, मशीन पुसणं आणि ग्राइंडिंग व्हील ड्रेस करणं वजा केलं तर सात तास, म्हणजे 420 मिनिटं हातात राहतात. 420 भागिले 7, म्हणजे 60 पिना. मशीन एकच आहे आणि ते चालवणारा कसलेला ऑपरेटरही एकच. 600 पिनांना 10 पाळ्या हव्यात. आज सकाळपासून 26 तारखेपर्यंत 10 पाळ्या आहेतच कुठे?

म्हणजे फर्नेस आज सुरू झाली असती, सगळ्या 600 पिना आज शेडमध्ये असत्या, तरी ऑर्डर 26 ला पुरी झाली नसती. काम अडलं आहे ते ग्राइंडरवर. मागच्या आठवड्यात त्या मशीनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं घाईचं काम चढवलं होतं. त्यात चार पाळ्या गेल्या. फर्नेसचा बिघाड खरा आहे, पण उशिराचं कारण तो नाही.

उरलेल्या कामातला सर्वांत अरुंद टप्पा शोधायचा आणि तारीख फक्त त्याच्यावरून काढायची, ही या हिशेबाची पहिली पायरी. बाकीच्या टप्प्यांकडून एवढंच हवं की त्यांनी त्या टप्प्याला उपाशी ठेवू नये. इथे ग्राइंडरला पहिल्या 350 पिना पुरवून 26 तारखेपर्यंत काम आहे. फर्नेसवाल्याने 250 पिना 25 ला दिल्या तर एक दिवस आधी आल्या. म्हणजे ज्याला दोष द्यायला निघालो होतो त्याच्याकडे तर थोडी सवडही आहे.

कॅलेंडर नागपूरचं हवं

आता 10 पाळ्या कॅलेंडरवर टाकायच्या. सोमवार ते गुरुवार, 18 ते 21 ऑगस्ट, चार पाळ्या: 240 पिना. शुक्रवारी 22 ला पोळा. ऑपरेटरच्या घरी शेती आहे, तो गावी जाणार. शनिवारी 23 ला तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. नागपुरात त्या दिवशी शेड उघडण्यात अर्थ नसतो. 24 ला रविवार. सोमवार आणि मंगळवार, 25 व 26, आणखी दोन पाळ्या: एकूण 360. बुधवारी 27 ला गणेश चतुर्थी. गुरुवार ते शनिवार, 28 ते 30, तीन पाळ्या: 540. रविवार सुट्टी. सोमवारी 1 सप्टेंबरला शेवटच्या 60, आणि 600 पूर्ण.

मुंबईच्या किंवा पुण्याच्या ऑफिसात बसलेल्याने हा हिशेब केला असता तर तो इथेच थांबला असता. पण 1 सप्टेंबरला महालक्ष्म्या आहेत, आणि विदर्भात ज्याच्या घरी महालक्ष्म्या बसतात तो माणूस जेवणाच्या दिवशी मशीनवर येत नाही. रजेचा अर्ज आला नसला तरी येत नाही. तेव्हा 1 तारीख शून्य धरायची. शेवटच्या 60 पिना मंगळवारी, 2 सप्टेंबरला.

मोठ्या कंपनीच्या कॅलेंडरवर पोळ्याची सुट्टी असेलच असं नाही. म्हणूनच हे दिवस पुरवठादारानेच मोजायला हवेत. ‘आठ दिवस’ असं म्हटलं की समोरचा कामाचे आठ दिवस समजतो, आपण कॅलेंडरचे आठ दिवस म्हणतो आणि आपले लोक त्यातले चार गावी असतात. मेलमध्ये दिवसांची संख्या लिहायची नाही. वार आणि तारीख लिहायची.

राखीव किती ठेवायचं?

2 सप्टेंबर ही तारीख सगळं सुरळीत झालं तरची आहे. अशा तारखा माणसं किती हमखास देतात, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधलं. 1994 मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी ती मोजली. त्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. मग विचारलं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? त्याचं सरासरी उत्तर सुमारे 49. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून थोडे जास्त लागले. म्हणजे जाणूनबुजून वाईटात वाईट धरून सांगितलेला आकडाही कमी पडला.

यावरून ‘मग दुप्पट सांगावं’ असा धडा घेणारे असतात. तो चुकीचा आहे. पर्चेसवाल्याला दोन-तीन ऑर्डरींत कळतं की हा गडी 20 म्हणतो तेव्हा 10 ला माल तयार असतो, आणि मग तो तुमच्या कुठल्याच तारखेवर विश्वास ठेवत नाही. राखीव वेळ अंदाजाने ठरवायचा नसतो. तो आपल्याच जुन्या नोंदींतून काढायचा. ग्राइंडरचं लॉगबुक काढून मागच्या काही महिन्यांत किती पाळ्या वाया गेल्या ते पाहायचं. वीज गेली, व्हील बदललं, ऑपरेटर आला नाही, पिनेवर ग्राइंडिंगचे जळाचे डाग आले म्हणून लॉट अडकला, ही सगळी कारणं तिथे असतात. आपल्या उदाहरणात धरू की दर दहा पाळ्यांमागे एक पाळी गेली आहे. काम दहा पाळ्यांचं, म्हणून राखीव एक पाळी. ग्राइंडिंग संपेल बुधवार, 3 सप्टेंबरला. गुरुवारी, 4 तारखेला तपासणी आणि पॅकिंग, त्याच संध्याकाळी माल रवाना.

म्हणजे खरी तारीख 4 सप्टेंबर. मूळ तारखेपेक्षा नऊ दिवस उशिरा. ‘दोन-तीन दिवस’ मागितले असते तर 29 ला पुन्हा दोन-तीन मागावे लागले असते, मग 1 तारखेला पुन्हा, आणि चौथ्या वेळी समोरच्याने फोन उचलला नसता.

नग आणि तारखा

नऊ दिवस उशीर, असं एका वाक्यात सांगितलं तर ते भयंकर वाटतं. पण पूर्ण 600 पिना एकदम हव्यात असं गिऱ्हाइकाकडे क्वचितच असतं. म्हणून हिशेबाची शेवटची पायरी: प्रत्येक तारखेला किती नग नक्की देता येतील?

21 च्या रात्री 240 पिना घासून तयार असतील. 25 ला आणखी 60, पण मधली एखादी पाळी बुडू शकते, म्हणून त्या मोजायच्या नाहीत. 26 ला, म्हणजे ठरलेल्या तारखेलाच, 240 नक्की. 29 च्या संध्याकाळपर्यंत सरळ हिशेबाने 480, एक पाळी वजा करून 420. तेव्हा शनिवारी, 30 ला आणखी 180. उरलेल्या 180, गुरुवारी 4 सप्टेंबरला. बेरीज 600.

हा तक्ता पर्चेसवाल्याच्या हातात पडला की त्याचं काम सुरू होतं. समजा त्यांच्या लाइनवर दिवसाला 40 पिना लागतात. 26 ला आलेल्या 240 पिना सहा कामाचे दिवस पुरतील. त्यांनाही 27 ची सुट्टी असेल, तर 3 सप्टेंबरपर्यंत. तोवर 30 चा लॉट पोचलेला असेल. लाइन एक तासही थांबत नाही. नऊ दिवसांचा उशीर त्याच्यासाठी जवळजवळ बिनत्रासाचा ठरतो, पण हे त्याला तक्त्यावरूनच कळू शकतं. उलट दिवसाला 100 लागत असतील तर 240 पिना तीन दिवसांतच संपतील. मग तो म्हणेल, 30 चा लॉट 29 लाच द्या, नाहीतर काही पिना बाहेरून घासून घ्या. तेही 18 तारखेला म्हणेल, जेव्हा काही करता येतं. 25 च्या संध्याकाळी कळलं असतं तर फक्त चिडता आलं असतं.

मेल

हिंगण्यात असे मेल बहुधा इंग्रजीत जातात. भाषा कुठलीही असो, त्यातल्या गोष्टी आणि त्यांचा क्रम हाच राहतो. मराठीत तो असा दिसेल:

> विषय: लिंकेज पिन, 600 नग: 26 ऑगस्टला 240, पूर्ण पुरवठा 4 सप्टेंबरपर्यंत. तारीख बदलण्याची विनंती
>
> नमस्कार सर,
>
> 26 ऑगस्टला द्यायच्या 600 पिनांपैकी 240 त्या दिवशी पोचतील. उरलेल्या 360 त्या तारखेला देता येणार नाहीत. सुधारित वेळापत्रक असं:
>
> मंगळवार, 26 ऑगस्ट: 240 नग
> शनिवार, 30 ऑगस्ट: 180 नग
> गुरुवार, 4 सप्टेंबर: 180 नग
>
> कारण: आमच्याकडे सिलिंड्रिकल ग्राइंडर एक आहे आणि त्यावर दिवसाला 60 पिना होतात. मागच्या आठवड्यात या मशीनचं नियोजन आमच्याकडून चुकलं आणि चार पाळ्या दुसऱ्या कामाला गेल्या. 250 पिना हीट ट्रीटमेंटला आहेत, तिथेही फर्नेसची दुरुस्ती चालू आहे. त्या सोमवारी 25 ला मिळायच्या आहेत. वरच्या तारखा पोळा, गणपती, महालक्ष्म्या आणि मशीनची एक राखीव पाळी धरून काढल्या आहेत.
>
> मंगळवारी 26 ला सकाळी 11 वाजता, हीट ट्रीटमेंटचा लॉट आला की नाही ते मी मेलवर कळवतो. तो आला नसेल तर 30 च्या लॉटवर परिणाम होईल. 26 च्या लॉटवर नाही.
>
> आपल्या लाइनला 30 च्या आधी 240 पेक्षा जास्त पिना लागणार असतील तर 100 पिनांचं ग्राइंडिंग बाहेरून करून घेता येईल. त्याला आपल्या क्वालिटी विभागाची मंजुरी लागेल. तसं हवं असल्यास बुधवार, 20 ऑगस्टपर्यंत कळवावं.
>
> हे वेळापत्रक मान्य असल्यास ऑर्डरमधली तारीख त्याप्रमाणे बदलून द्यावी ही विनंती. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

विषयाच्या ओळीतच बातमी आहे. पर्चेसवाल्याच्या मेलबॉक्समध्ये ‘अर्जंट’ आणि ‘डिलिव्हरीबाबत’ अशा विषयांचे डझनभर मेल रोज पडतात. नग आणि तारखा दिसल्या की तो मेल न उघडताही प्लॅनिंगकडे पुढे पाठवू शकतो.

दुसरं, ‘देता येणार नाहीत’ हे वाक्य सरळ आहे. ‘कठीण वाटत आहे’, ‘पूर्ण प्रयत्न करू’ असं लिहिलं की वाचणारा त्यातला आपल्याला हवा तो अर्थ काढतो. म्हणजे 26 ला 600 येतील अशी थोडी आशा ठेवतो. ती आशाच पुढे भांडणाचं कारण होते.

तिसरं, कारण. ग्राइंडरचं नियोजन चुकलं हे लिहिणं जड जातं. सगळा भार फर्नेसवर टाकण्याचा मोह होतो. पण फर्नेसवाल्याने 25 ला पिना दिल्या आणि माल तरी 4 तारखेला आला, तर समोरचा विचारणारच. शिवाय कारण खरं असेल तरच तारीख पटते: एक मशीन, दिवसाला 60, उरलेलं काम इतकं, हा भागाकार तो स्वतः करून पाहू शकतो. प्रामाणिकपणा म्हणजे सगळंच उघडं करणं नव्हे. ते दुसरं काम कोणत्या गिऱ्हाइकाचं होतं, हे सांगायचं कारण नाही आणि अधिकारही नाही.

चौथं, बाहेरून ग्राइंडिंग करून घ्यायचा पर्याय मंजुरी मागून दिला आहे. वाहन उद्योगात मंजूर झालेली प्रक्रिया किंवा ती करणारी जागा न सांगता बदलणं हा उशिरापेक्षा मोठा गुन्हा मानला जातो. वेळ वाचवायला गुपचूप बाहेर दिलेला लॉट नंतर लाइनवर फेल झाला तर तो पुरवठादार यादीतून जातो.

दिलगिरी शेवटी, एका ओळीत. ती वर घेतली आणि लांबवली तर वाचणाऱ्याला तारखांपर्यंत पोचायला स्क्रोल करावं लागतं.

उत्तर येईपर्यंत मुदतवाढ झालेली नसते

मेल पाठवला म्हणजे तारीख बदलली असं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 63 प्रमाणे, ज्याला वचन दिलेलं आहे तो त्याच्या पूर्ततेसाठी वेळ वाढवून देऊ शकतो. म्हणजे वाढवून देणारा तो आहे. आपण फक्त विचारतो. गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरून चालणाऱ्यांची पुढे बिलातून कपात होते. म्हणून मेलच्या शेवटी ‘तारीख बदलून द्यावी’ अशी स्पष्ट विनंती असते. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करायचा, आणि फोनवर ठरलं ते त्याच मेलच्या साखळीत लिहून टाकायचं.

कधी कधी उत्तर असं येतं की वेळ वाढवून दिला आहे, पण उशिराच्या दंडाचा आमचा हक्क राखून ठेवला आहे. पुरवठादाराला हे वाचून राग येतो. एवढं प्रामाणिकपणे लिहिलं, तरी हे! पण त्यात राग मानण्यासारखं काही नाही. त्याच कायद्याचं कलम 55 सांगतं की ज्या करारात वेळ हा कराराचा गाभा आहे तिथे उशिरा दिलेलं काम स्वीकारताना भरपाईचा इरादा कळवला नाही, तर त्या उशिराबद्दल नंतर भरपाई मागता येत नाही. पर्चेसवाला तो इरादा नोंदवून ठेवतो इतकंच. रेल्वे आणि सरकारी खरेदीत तर मुदतवाढीच्या पत्रात हे वाक्य ठरलेलंच असतं.

दंड किती होतो तेही मोजून पाहावं. समजा ऑर्डरमध्ये दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का अशी अट आहे आणि पिनेचा दर 180 रुपये आहे. 30 ला येणाऱ्या 180 पिना, किंमत 32,400 रुपये, एक आठवडा: 162 रुपये. 4 तारखेच्या 180 पिना, तितकीच किंमत, नऊ दिवस म्हणजे दोन आठवडे: 324 रुपये. एकूण 486 रुपये. ज्या भीतीने माणूस आठ दिवस निरोप दाबून ठेवतो तिची किंमत कित्येकदा एवढीच असते. खरं नुकसान व्हेंडर रेटिंगमध्ये होतं. ते बहुधा ठरलेल्या तारखेला किती टक्के माल पोचला यावर मोजतात, आणि म्हणूनच ऑर्डरमधली तारीख अधिकृतपणे बदलून घेण्याला महत्त्व आहे.

तारीख पुन्हा हुकली तर

26 ला सकाळी 11 वाजता मेल जायलाच हवा, लॉट आला असला तरी. ‘लॉट आला, 30 ची तारीख कायम’ ही एक ओळ पुरते. जो माणूस चांगली बातमीही ठरल्या वेळी कळवतो, त्याच्या गप्प राहण्याने कोणी घाबरत नाही. लॉट आला नसेल तर सगळं वेळापत्रक फाडायचं नाही. कोणता लॉट हलतो, किती नगांनी आणि कोणत्या तारखेला, एवढंच लिहायचं. फर्नेसवाल्याने 250 पिना 28 ला संध्याकाळी दिल्या तर 30 ला जाणाऱ्या दुसऱ्या लॉटमध्ये 180 ऐवजी 110 च पिना असतील, कारण 29 ची पाळी राखीव धरली की पहिल्या 350 मधल्या तेवढ्याच शिल्लक राहतात. राहिलेल्या 70 पुढच्या लॉटमध्ये जातील आणि एक पाळी मागे सरकल्याने शेवटची तारीखही एक दिवस पुढे जाईल. हा बदल समोरच्याला समजतो, कारण मूळ तक्ता त्याच्याकडे आहे.

काही वेळा तारीख काढताच येत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अशा सकाळी ज्याच्या मशीनमध्ये पाणी गेलं आहे तो डिलिव्हरीची तारीख देऊ शकत नाही, आणि दिली तर ती खोटी असेल. तेव्हा तारीख कधी देणार याची तारीख द्यावी: ‘मोटर सुकवून बुधवारी मशीन चालवून पाहतो. बुधवारी संध्याकाळी 5 वाजता वेळापत्रक पाठवतो. तोवर तयार असलेले 90 नग उद्या पाठवू शकतो.’ यातही नग आहेत, वार आहे, आणि समोरच्याने केव्हा वाट पाहायची आणि केव्हा दुसरीकडे ऑर्डर टाकायची ते ठरवता येईल इतकी माहिती आहे.

ऑर्डर पुरी झाली की एक वही हवी. तीत चार रकाने: मूळ तारीख, मेलमध्ये दिलेली तारीख, माल खरोखर गेला ती तारीख, आणि फरकाचं कारण. दहा-बारा ओळी भरल्या की दिसू लागतं की दोन-तीन कारणंच पुन्हा पुन्हा येतात. एखाद्या शॉपमध्ये फर्नेस नेहमी दोन दिवस उशीर करते. एखाद्या शॉपमध्ये शेवटची तपासणी, कारण गेज एकच आहे आणि तो दुसऱ्या शेडमध्ये असतो. पुढच्या वेळी राखीव किती ठेवायचं, हे त्या वहीतल्या ओळी सांगतात. तारीख प्रत्येक वेळी त्याच बाजूला, त्याच दोन दिवसांनी हुकत असेल, तर मेलची भाषा बदलून उपयोग नाही. ते दोन दिवस ऑर्डर घेतानाच तारखेत मिळवायचे.